गॅसचा वास आला तर: टाकीजवळ आधी काय, मग काय आणि काय अजिबात नाही

गॅसचा वास आला की काय करायचं, हे विचारलं तर चार घरांतली चारही माणसं बरोबर सांगतात: खिडकी उघडायची, टाकी बंद करायची, काडी ओढायची नाही. चुकतं ते क्रमात. अंधार असेल तर हात आधी लाईटच्या बटणाकडे जातो, मग खिडकीकडे, आणि टाकीचं बटण आठवतं ते शेवटी. टाकीच्या टोपीचं तर नावच निघत नाही, कारण टाकी जोडली त्याच दिवशी ती दोरीसकट केरात गेलेली असते. म्हणून हा लेख क्रमावरच आहे. घरगुती, १४.२ किलोची टाकी, स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवलेली आणि तिच्याजवळ वास, एवढंच इथे धरलं आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, दीडपट ते दुप्पट. तो वर छताकडे जात नाही. फरशीवर सांडलेल्या पाण्यासारखा तो खालून पसरतो, उंबऱ्याशी अडतो, मोरीत उतरतो. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात कुजक्या वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात, आणि ते इतकं की हवेतला गॅस पेट घेण्याजोगा व्हायच्या पाचव्या हिश्श्यातच नाकाला कळावं. पेट घ्यायला हवेत साधारण दोन टक्के गॅस लागतो. म्हणजे वास आल्याबरोबर स्फोट होतोच असं नाही, हाताशी थोडा वेळ असतो. पण उभ्या माणसाचं नाक पाच फुटांवर आणि गॅस पायाशी. नाकाला हलका लागलेला वास गुडघ्याखाली कितीतरी दाट असू शकतो.

हिशेबच करायचा तर दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात फरशीवरचा एक फुटाचा थर पेटण्याजोगा व्हायला साधारण सव्वाशे ग्रॅम गॅस पुरतो. दूध उतू जाऊन विझलेला मोठा बर्नर तासाभरात एवढा गॅस सहज सोडतो.

१. वास यायच्या आधीची तयारी

ही तयारी दहा मिनिटांची आहे आणि ती आजच करायची आहे. वास आल्यावर यातलं काहीही शोधत बसायला वेळ नसतो.

पहिली गोष्ट टोपीची. टाकी येते तेव्हा वरच्या वॉल्व्हवर प्लास्टिकची टोपी असते आणि ती दोरीने टाकीला बांधलेली असते. दोरी कापू नका, टोपी टाकीलाच लटकत राहू द्या. ही टोपी धूळ बसू नये म्हणून दिलेली नाही. वॉल्व्हमधूनच गॅस येत असेल तर तो अडवायला घरात असलेलं ते एकमेव साधन आहे. पोरांनी खेळायला नेलेली टोपी आयत्या वेळी सापडत नाही.

दुसरी गोष्ट रेग्युलेटरची. त्याचं बटण कुठल्या बाजूला फिरवलं की बंद होतं, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला डोळे मिटून जमलं पाहिजे. रात्रीची लाईट गेलेली असताना हेच काम हातांनी चाचपून करायचं आहे. सासूबाईंना, आजोबांना आणि शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांनाही दोनदा करायला लावा. रेग्युलेटर काढणं आणि टोपी बसवणं निदान दोघांना यायला हवं. बटण बंद करायचं, रेग्युलेटरची खालची रिंग वर उचलायची, रेग्युलेटर सरळ वर ओढायचा, टोपी वॉल्व्हवर ठेवून तळहाताने दाबायची. टोपी बसताना ‘टक्’ असा आवाज येतो. काढताना दोरी वर ओढायची.

तिसरी गोष्ट नंबर. गॅसगळतीसाठी देशभर १९०६ हा नंबर आहे, तो चोवीस तास चालू असतो. तो आणि तुमच्या एजन्सीचा नंबर स्वयंपाकघरात नाही, तर घराच्या बाहेरच्या दाराशी लिहून ठेवा. फोन तिथूनच करायचा आहे.

चौथी गोष्ट मेन स्विचची. तो घराबाहेर ओसरीवर किंवा जिन्यात आहे, की आत स्वयंपाकघरालगत आहे, हे आत्ताच बघून ठेवा. पुढे तिसऱ्या पायरीत याचं उत्तर लागणार आहे.

> तपासा: टाकी उभी आहे का? ओट्याखालच्या कपाटाची दारं कायम बंद असतात का? कपाटात गळलेला गॅस तिथेच साठतो आणि दार उघडेपर्यंत कळत नाही. दारांना खालच्या बाजूला भोकं नसतील तर सुताराकडून पाडून घ्या, नाहीतर दारंच काढून टाका.

२. वास आला: हात कुठे जायला हवा

वास आला की पहिला हात टाकीच्या बटणाकडे. शेगडीच्या बटणाकडे नाही. शेगडी बंद केली तर फक्त शेगडीतून जाणारा गॅस थांबतो, पण नळी चिरलेली असेल तर ती गळतच राहते. टाकीचं बटण बंद केलं की नळी, शेगडी सगळं एकदम तुटतं. शेगडीवर भाजी असेल तर जाळ आपोआप विझेल, भाजीचं नंतर बघू. टाकी बंद झाल्यावर शेगडीची बटणंही बंद करा, कारण नंतर टाकी चालू केली की उघड्या राहिलेल्या बर्नरमधून पुन्हा गॅस यायचा.

टाकीकडे जाताना वाटेत, त्याच खोलीत, देवाजवळ निरंजन किंवा उदबत्ती पेटती असेल तर निरंजनावर वाटी पालथी घाला, उदबत्ती पाण्यात बुडवा. न्हाणीघराजवळ बंब किंवा चूल पेटलेली असेल आणि ती स्वयंपाकघराच्या मोरीच्या वाटेवर असेल, तर घरातल्या दुसऱ्या माणसाला ती पाणी मारून विझवायला लावा. मोरीतून उतरलेला गॅस तिथपर्यंत जाऊ शकतो.

या मिनिटात जे करायचं नाही ते एका वाक्यात मावतं: विजेचं कुठलंही बटण हलवायचं नाही. चालू करायचं नाही तसंच बंदही करायचं नाही. बटण दाबताना आत ठिणगी पडते, आणि ती दोन्ही वेळी पडते. पंखा चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद राहू द्या. वास बाहेर काढायला म्हणून एक्झॉस्ट फॅन लावणं ही सुशिक्षित घरांत सर्रास होणारी चूक आहे, आणि ती काडी ओढण्याइतकीच वाईट आहे. मोबाईल आत खिशातून काढू नका, त्याची बॅटरी लावून टाकी शोधू नका.

> थांबा: कुकरच्या शिट्टीसारखा सणसणीत आवाज येत असेल, टाकीजवळ पांढुरकं धुकं दिसत असेल किंवा वास इतका असेल की ठसका लागतोय, तर आत जायचंच नाही. माणसं बाहेर काढा, येताना दार सताड उघडं ठेवा आणि थेट पाचव्या पायरीवर या. बटण अडकलं असेल आणि फिरत नसेल तरी हेच. पक्कड, बत्ता घेऊन त्याच्याशी झटायचं नाही.

३. दारं आधी, खिडक्या नंतर. आणि लाईटचं काय

खिडकी उघडणं चांगलंच, पण खिडकी ओट्याच्या वर असते आणि गॅस ओट्याच्या खाली. फरशीवरचा गॅस बाहेर जातो तो दारातून. म्हणून स्वयंपाकघराचं मागचं दार आधी उघडा, मग समोरचं, म्हणजे खालून वारं वाहतं. मग खिडक्या. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी अकरा-बारापासून दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून घर गार ठेवायची पद्धत आहे. तेव्हा गळती झाली तर सगळा गॅस घरातच कोंडतो. त्या दिवसांत ऊन आत येईल याचा विचार करायचा नाही.

आता मराठवाड्यातली खरी अडचण. आपण बटणाला हात लावला नाही तरी लाईट जाते आणि येते. लाईट गेली की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि आत ‘खट्’ असा आवाज येतो. लाईट आली की फ्रिज आपला आपण सुरू होतो, कूलर सुरू होतो. यातल्या प्रत्येक वेळी ठिणगी पडायची शक्यता असते, आणि फ्रिज तर बहुतेक घरांत टाकीपासून चार पावलांवर असतो. त्यातही लाईट नसताना गळती सुरू झाली आणि गॅस साठलेला असताना लाईट आली, हा प्रसंग सगळ्यात धोक्याचा.

म्हणून मेन स्विच घराबाहेर, ओसरीच्या टोकाला किंवा जिन्याखाली असेल आणि तिथे वास नसेल, तर तो तिथून पाडा. लाईट गेलेली असेल तरीही पाडा, म्हणजे ती आली तरी घरात शिरणार नाही. मेन स्विच आत असेल तर त्याला हात लावू नका. ठिणगीपासून वाचायला म्हणून वासातच मेन स्विच पाडणं, म्हणजे मोठी ठिणगी आपल्या हाताने पाडणं. अशा घरात दारं उघडून लगेच बाहेर पडणं हाच मार्ग. इन्व्हर्टर आत असेल तर त्याच्याही वाटेला जाऊ नका.

> थांबा: शेजाऱ्यांना बेल वाजवू देऊ नका. दारात कुणी येताना दिसलं की लांबूनच ओरडून सांगा. अंगणातली मोटरसायकल वाचवायला म्हणून चालू करू नका, गिअर काढून ढकलत न्या.

४. टोपी

बटण बंद केल्यावर आवाज आणि वास वाढायचा थांबला, तर रेग्युलेटर काढून टोपी बसवा. टाकी बंद आहे, मग टोपी कशाला, असं वाटेल. पण गळती नक्की कुठे आहे हे अजून कळलेलं नाही, आणि टोपी बसली की टाकीचा विषय संपतो.

बटण बंद करूनही ‘सूंऽ’ असा बारीक आवाज येतच असेल, किंवा रेग्युलेटर काढल्यावर वॉल्व्हच्या तोंडातून गॅस येताना ऐकू येत असेल, तर वॉल्व्हच्या आतली पिन नीट बसलेली नाही. आतल्या स्प्रिंगवरची ही पिन रेग्युलेटर चालू केला की खाली दाबली जाते आणि बंद केला की वर येऊन तोंड बंद करते. तिच्यात कचरा अडकला किंवा ती झिजली की तोंड पूर्ण बंद होत नाही. इथे टोपीच कामाला येते. ती वॉल्व्हवर ठेवून सरळ दाबायची, ‘टक्’ ऐकायचं, आवाज थांबला का ते बघायचं. एकदा बसली नाही तर काढून पुन्हा एकदा. दुसऱ्यांदाही नाही बसली तर सोडून बाहेर.

याच ठिकाणी लोक आपलं डोकं चालवतात. कुणी खिळ्याने, कुणी पेनाच्या टोकाने पिन टोचून ‘मोकळी’ करतो. कधीकधी ती बसतेही, आणि त्यामुळेच ही सवय गावभर पसरते. पण नाही बसली तर ती दाबलेलीच राहते, आणि मग बारीक गळतीचा फवारा होतो. पिन दाबायचं काम मेकॅनिकचं, तेही उघड्यावर.

टोपी बसली आणि आवाज थांबला, की दोघांनी मिळून टाकी उभीच्या उभी उचलून बाहेर न्या. भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास असते, एकट्याने झेपत नाही आणि मग ती ओढली जाते. शहाबादी फरशीवर लोखंडी टाकी ओढत नेली तर घासून ठिणगी उडू शकते. आडवी करून लोटायचीही नाही. उभ्या टाकीत वर गॅस असतो आणि खाली पातळ द्रव. टाकी आडवी झाली की वॉल्व्हशी द्रव येतो, आणि एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास गॅस होतो. उभ्या टाकीची बारीक गळती आडवी केल्यावर बारीक राहत नाही. बाहेर सावलीत, उघड्यावर ठेवा. आडाजवळ, हौदाजवळ, नालीच्या कडेला किंवा शेजारच्यांच्या चुलीच्या वाऱ्यावर नको.

५. बाहेर गेल्यावरच फोन

घरापासून लांब, वास येत नाही तिथे गेल्यावर १९०६ लावा, मग एजन्सीला. ‘गॅस लीक झालाय, लवकर या’ एवढं सांगून भागत नाही. तीन गोष्टी सांगा: बटण बंद केल्यावर आवाज थांबला की नाही, टोपी बसली की नाही, टाकी आत आहे की बाहेर. यावरून त्यांना कळतं की मेकॅनिकला काय घेऊन पाठवायचं आणि किती घाईने. आतच असलेल्या टाकीतून गॅस येत असेल तर १०१ किंवा ११२ वरही कळवा. गाव तालुक्यापासून लांब असेल तर अग्निशमनाची गाडी यायला वेळ लागतो, म्हणून ‘बघू, वाढलं तर लावू’ असं करत बसू नका.

मेकॅनिक येईपर्यंत घराभोवती कुणी बिडी पेटवणार नाही, एवढं पाहणं एका माणसाचं काम. गर्दी जमतेच, आणि गर्दीतला एकजण हमखास खिशात हात घालतो.

अंबाजोगाईतलं एक घर धरू

जुनं, माळवदाचं घर. स्वयंपाकघराला एक लहान खिडकी, एक मागचं दार, कोपऱ्यात मोरी. मे महिना. सकाळी अकराला नवी टाकी जोडली, स्वयंपाक झाला, जेवणं झाली. दुपारी दोनला लाईट गेली, दारं लावून सगळे पडले. सून रोज दुपारी टाकीचं बटण बंद करते, त्या दिवशी राहिलं. पावणेतीनला मोरीकडे गेलेल्या सासूबाई म्हणतात, “सूनबाई, गॅसचा वास येऊलालाय की गं.”

सून उठून येते. खोली अंधारी आहे. हात बोर्डाकडे जातो, पण लाईटच नाही, बटण दाबून काय होणार, असंही मनात येतं. इथेच घात होतो: बटण चालू करून ठेवलं आणि पाच मिनिटांनी लाईट आली, तर दिवा, पंखा, फ्रिज सगळं एका क्षणात सुरू होणार. ती बोर्ड सोडते, चाचपत टाकीचं बटण बंद करते, मागचं दार उघडते. सासूबाईंना हाताला धरून समोरच्या दाराने बाहेर नेते. मुलाला सांगते, “ओसरीवरचं मेन पाड, आत येऊ नको.” मग परत येऊन कान देते. आवाज नाही. रेग्युलेटर काढते, टोपी दाबते, टक्. शेजारचे भाऊ येतात, दोघं टाकी उचलून अंगणात लिंबाच्या सावलीत ठेवतात. तीन वाजून पाच मिनिटांनी लाईट येते. घरात काहीच सुरू होत नाही, कारण मेन पडलेला आहे.

मेकॅनिक येतो, वॉल्व्हच्या तोंडात बोट घालून बघतो. आतलं काळं रबरी वायसर एका बाजूने कापलेलं असतं. रेग्युलेटरची नळी या वायसरमध्ये घट्ट बसते, तेच तिथलं सील. पिन मात्र चांगली होती, म्हणून बटण बंद केल्याबरोबर गळती थांबली. बटण चालू असताना गॅस वायसरच्या कापलेल्या बाजूने थेट बाहेर येत होता. दुपारी शेगडीची बटणं बंद होती, त्यामुळे कुणाला संशय आला नाही, आणि स्वयंपाक चालू असताना मागचं दार उघडं होतं म्हणून वासही साठला नाही.

यातून गळतीची जागा ओळखायचा साधा ठोकताळा निघतो. बटण बंद केल्यावर थांबली, तर दोष वायसरमध्ये, रेग्युलेटरमध्ये, नळीत किंवा शेगडीत. बटण बंद करूनही, रेग्युलेटर काढूनही चालूच राहिली, तर पिनमध्ये. पहिल्या बाबतीत घरी थोडं तपासता येतं. दुसऱ्या बाबतीत टाकी टोपीसकट परत जाते, बाकी काही करायचं नाही.

६. परत आत कधी जायचं

ज्याने वास सहन केला त्याच्या नाकावर विश्वास ठेवू नका. थोड्या वेळात नाक त्या वासाला सरावतं आणि ‘आता नाही येत’ असं वाटायला लागतं. बाहेर मोकळ्या हवेत असलेल्या दुसऱ्या कुणाला तरी दारात बोलवा, उंबऱ्याशी खाली वाकून वास घ्यायला सांगा. मग मोरीजवळ, ओट्याखालच्या कपाटात, कोनाड्यांत. सगळीकडे वास गेला की त्यानंतरही अर्धा तास दारं उघडी राहू द्या. मग बाहेरून मेन चालू करा. पहिला दिवा स्वयंपाकघरातला नको, समोरच्या खोलीतला लावा.

> तपासा: मोरीचं बाहेरचं तोंड आणि नाली. घरात वास नाही आणि नालीच्या तोंडाशी आहे, असं होतं. तिथे बादलीभर पाणी ओता, आणि बंब पेटवायची घाई त्या दिवशी करू नका.

७. साबणाच्या फेसाने गळती शोधणं

हे फक्त तेव्हा, जेव्हा बटण बंद केल्यावर गळती थांबली होती, वास पूर्ण गेला आहे आणि मेकॅनिक यायला उशीर आहे. एकट्याने करायचं, बाकीचे बाहेर. दारं उघडी, शेगडीची बटणं बंद.

वाटीत भांडी घासायचा साबण किंवा कपड्यांची पावडर घालून चांगला फेस करा. रेग्युलेटर टाकीवर बसवा, हलवून बघा, वर उचलला जात असेल तर बसलेला नाही. मग बटण चालू करा आणि क्रमाने फेस लावत जा: रेग्युलेटर आणि वॉल्व्ह जिथे मिळतात तिथे, रेग्युलेटरवर नळी चढते तिथे, मग नळी सबंध, बोटाने वाकवत, आणि शेवटी शेगडीला नळी लागते तिथे. फेस लावून लगेच पुढे जाऊ नका, प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस आकडे मोजा. फेसात आधीचे बुडबुडे असतातच. बघायचं ते असं की एखादा बुडबुडा मोठा होत जातोय, फुटतोय आणि त्याच जागी पुन्हा येतोय का. सापडला की बटण बंद, रेग्युलेटर काढा, टोपी लावा.

काडी किंवा लायटर जवळ नेऊन ‘जाळ धरतोय का’ बघणारे अजून आहेत. त्यांच्या हातून काडेपेटी काढून घ्या, वय बघू नका.

नळीत दोष निघाला तर चिरलेला भाग कापून उरलेली नळी पुन्हा चढवू नका, चिकटपट्टी गुंडाळू नका. तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी एजन्सीकडे मिळते, ती पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यावर तारीख छापलेली असते. नवी चढवताना साबण-तेल लावून सरकवू नका, नंतर ती तशीच सरकून निघते. शेगडीच्या टोकाशी नळी चढत नसेल तर माप चुकलं आहे. वायसर कापलेलं असेल तर दुकानातून आणून आपण बसवायचं नाही. ते टाकीचं आहे, एजन्सीने बदलून द्यायचं किंवा टाकी बदलून द्यायची.

जाळ लागलाच तर

वॉल्व्हशी किंवा नळीशी जाळ धरला असेल आणि बटणापर्यंत हात सुरक्षित पोचत असेल, तर सुती चादर भिजवून, पिळून, अंगासमोर धरून जा. चादर जाळावर टाका आणि तिच्याआडून बटण बंद करा. नायलॉनची, टेरिकॉटची चादर किंवा साडी नको, ती वितळून अंगाला चिकटते. बटण बंद करता येत नसेल तर जाळ विझवायच्या मागे लागू नका. जळणारा गॅस दिसतो तरी. विझवलेला न दिसता फरशीभर पसरतो आणि दुसऱ्या ठिणगीची वाट बघतो. बाहेर पडा, १०१. भाजलं असेल तर साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा; बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही. मग १०८.

८. पुढची टाकी घेताना

खेड्यात गाडी चौकात टाक्या उतरवते आणि आपण ती मोटरसायकलवर आडवी बांधून घरी नेतो. अंबाजोगाईच्या घरातला दोष चौकातच कळला असता. उतरवणाऱ्याला टोपी काढून दाखवायला सांगा. वजन करून देणं आणि गळती तपासून देणं हे त्याचंच काम आहे, तो ‘मागे अजून वीस घरं आहेत’ म्हणेल तरी. वॉल्व्हच्या तोंडात काळं वायसर आहे का, गोल आणि अखंड आहे का, ते डोळ्यांनी बघा. मग तोंडात पाण्याचे चार थेंब टाका. पाणी शांत राहिलं तर पिन ठीक. बुडबुडे आले तर टोपी दाबून ती टाकी तिथेच परत करा. पाणी फडक्याने टिपून घ्या आणि टोपी पुन्हा लावा.

टाकीच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे सालाचे. त्या तिमाहीनंतर टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. ती तिमाही उलटून गेलेली टाकी घ्यायची नाही, दुसरी मागायची.

आडवी आणलेली टाकी घरी आल्याबरोबर जोडू नका. अंगणात अर्धा तास उभी राहू द्या, तिथेच पाण्याच्या थेंबांनी पुन्हा एकदा बघा, कारण वाटेतल्या खड्ड्यांनीही पिन हलते. जोडताना शेगडी बंद, देवाजवळचा दिवा विझवलेला, मागचं दार उघडं. रेग्युलेटर बसला की सांध्यावर फेस लावून बघायचा आणि मगच पहिली काडी ओढायची.